उपासाला साबुदाणा की वरी? पोटाचा आणि पैशांचा हिशोब

प्रश्न: ताई, मी, नवरा आणि सासूबाई असे तिघं गुरुवार आणि दोन्ही एकादश्या करतो. सकाळी साबुदाण्याची खिचडी होते, पण तीन वाजले की पुन्हा भूक, मग वेफर्स, चिवडा, चहा, आणि संध्याकाळी पित्त. वरी आणि शिंगाड्याचं पीठ महाग वाटतं. पोटभरही होईल आणि परवडेलही असं काय आणि किती घ्यावं? सासूबाईंना मधुमेहाची गोळी चालू आहे.

उत्तर:

मुख्य जेवणाला वरीचा भात आणि दाण्याची आमटी करा. खिचडी अधूनमधून करा, पण तिच्यात कूट पुरेसं घाला. शिंगाड्याचं पीठ मुख्य पदार्थ म्हणून रांधायचं सोडून थालीपीठ बांधायला आणि कढी दाट करायला चमच्याने वापरा. एवढं केलंत तरी तीन वाजताचा चिवडा बहुतेक बंद होईल, आणि खर्च खरा तिथेच कमी होतो. आमच्या खानावळीत एकादशीला आणि नवरात्रात उपासाचं ताट असतं. कोण काय खाऊन किती वाजता पुन्हा काउंटरपाशी येतं हे रोज डोळ्यांसमोर दिसतं, म्हणून एवढ्या खात्रीने सांगते.

साबुदाण्यात मुळात काय असतं ते आधी पाहू. टॅपिओकाचे, म्हणजे कसाव्याचे, कंद किसून त्यांचा पांढरा चीक काढतात, त्याच्या गोळ्या करून भाजतात आणि वाळवतात. आपल्याकडे येणारा बराचसा माल तमिळनाडूतल्या सेलम भागातला असतो. या सगळ्यात कंदाचा चोथा निघून जातो आणि उरतो तो जवळपास निव्वळ स्टार्च. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साधारण साडेतीनशे कॅलरी असतात, पण प्रथिनं एक ग्रॅमसुद्धा नाहीत आणि चोथा नावापुरता. म्हणून ताकद पटकन येते आणि पटकन ओसरते. खिचडी खाऊन जे काही पोटात टिकतं ते दाण्यांमुळे टिकतं. कूट कमी पडलं की खिचडीतून फक्त स्टार्च आणि तूप पोटात जातं, आणि मग तीनला भूक लागणारच.

वरी हे धान्य आहे. दुकानात तिला वरई, भगर, वरीचे तांदूळ अशी कुठलीही नावं दिसतील. शंभर ग्रॅममध्ये सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि साबुदाण्याहून कितीतरी जास्त चोथा मिळतो. पण पोट भरण्याच्या दृष्टीने तिचा मोठा गुण वेगळाच आहे. ती भरपूर पाणी पिते. साठ ग्रॅम कोरडी वरी शिजली की दोनशे ग्रॅमच्या पुढे जाते. त्यावर वाटीभर पातळ आमटी घेतली की पानात चारशे ग्रॅमचं गरम जेवण पडतं. तेवढ्याच वजनाची खिचडी खायची म्हटली तर कॅलरी जवळपास दुप्पट होतील आणि तूपही तसंच लागेल.

आता पैशांचं बघू. भाव सतत हलतात, म्हणून मी हिशोबापुरते गोल आकडे धरते. तुमच्या दुकानातले भाव घालून तुम्ही तोच हिशोब परत करा. किलोला साबुदाणा 80, वरी 140, शेंगदाणे 160, तूप 700, शिंगाड्याचं पीठ 300, बटाटे 35.

तिघांच्या पोटभर खिचडीला साबुदाणा 240 ग्रॅम लागतो, त्याचे 19 रुपये. कूट 120 ग्रॅम, तेही 19. एक मोठा बटाटा 5, आणि तूप दोन मोठे चमचे, म्हणजे 30 ग्रॅम, 21. मिरची-जिरं धरून 65 ते 67 रुपये. यात साबुदाण्याइतकेच पैसे कुटाला जातात आणि तुपाला त्याहून थोडे जास्त. म्हणून साबुदाणा स्वस्त असला तरी खिचडी स्वस्त पडत नाही.

तिघांच्या वरी-आमटीला वरी 180 ग्रॅम, 25 रुपये. आमटीला दाणे 90 ग्रॅम, 15. तूप निम्मं पुरतं, 11. आमसूल, गूळ, जिरं, मिरची मिळून 5. झाले 55 ते 56. किलोचा भाव जवळपास दुप्पट असूनही ताट दहा रुपयांनी स्वस्त पडलं, कारण धान्य कमी लागलं आणि तूप कमी लागलं. दही-ताक दोन्हींबरोबर लागतं, म्हणून ते मी मोजलं नाही.

दहा रुपयांसाठी एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. पण खिचडीच्या दिवशी तीन वाजता तिघांत दोनशे ग्रॅम चिवडा संपत असेल आणि तो चारशे रुपये किलोचा असेल, तर त्या दिवसाचा खर्च 65 नसून 145 होतो. एकादशी नि दुप्पट खाशी म्हणतात ते उगाच नाही. दुपारी पोट रिकामं राहिलं की ही म्हण खरी ठरते आणि तिचे पैसे फरसाणवाल्याला जातात. पित्ताचंही तेच. तळलेला चिवडा, त्यावर दोन-तीन चहा आणि आत रिकामं पोट, यानंतर जळजळ नाही झाली तरच नवल.

आता कृती. वरी ज्यांना आवडत नाही, त्यांना बहुधा नीट केलेली वरी मिळालेलीच नसते. तिचा गिचका होतो हीच सगळ्यांची तक्रार असते.

वरीचा दाणा बारीक, त्यामुळे खडे डोळ्यांना सहज दिसत नाहीत. ती नुसती धुऊन भागत नाही, रोळून घ्यावी लागते. पसरट पातेल्यात वरी आणि भरपूर पाणी घ्या, हात फिरवून हलवा आणि वरची वरी पाण्याबरोबर हळूच दुसऱ्या भांड्यात ओता. खडे खाली बसतात. शेवटचा चमचाभर माल सरळ टाकून द्या, त्याचा लोभ नको. मग वरी चाळणीत पंधरा मिनिटं निथळत ठेवा. ती ओलसर राहिली तर भाजताना एकमेकींना चिकटते आणि गिचक्याची सुरुवात तिथेच होते.

पातेल्यात तूप घाला, जिरं तडतडू द्या, निथळलेली वरी टाका आणि मध्यम आचेवर चार-पाच मिनिटं परता. खमंग वास आला आणि दाणे सुटे, हलके वाटू लागले की झालं. शेजारच्या शेगडीवर पाण्याला आधण आलेलं असू द्या. भात मोकळा हवा असेल तर वरीच्या अडीचपट पाणी, सासूबाईंसाठी मऊ हवा असेल तर तीनपट किंवा थोडं जास्त. पाणी उकळतंच घालायचं. गार पाणी घातलं तर ते तापेपर्यंत बाहेरचा थर फुगून चिकट होतो आणि आतला दाणा कच्चाच राहतो. मीठ घाला, एकदाच ढवळा, झाकण ठेवा, आच अगदी बारीक करा. पुढची दहा मिनिटं पळी घालायची नाही. पाणी आटून वर बारीक भोकं दिसली की गॅस बंद करा आणि झाकण तसंच ठेवून पाच-सात मिनिटं वाफ जिरू द्या. मग काट्याने मोकळं करा. ढवळत राहिलात तर दाणे फुटतात, त्यातला स्टार्च पाण्यात उतरतो आणि खळ तयार होते.

आमटीत दाण्यांची प्रत महत्त्वाची, कारण ताटातली बरीचशी प्रथिनं तिथूनच येणार आहेत. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला पंचवीसच्या आसपास प्रथिनं असतात, म्हणजे माणशी तीस ग्रॅम दाण्यांतून सात-साडेसात ग्रॅम मिळतात. वरीतून साडेतीन, वाटीभर दह्यातून तीन-चार. हे जेवण दुपारभर टिकतं ते या बेरजेमुळे. दाणे ताटात पसरून निवडा. सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा डाग असलेले दाणे बाजूला काढून टाका. भाजलेला एक दाणा चावून पाहा. खवट किंवा कडू लागला तर त्याच पिशवीतले आणखी दोन-चार चावून बघा, आणि तेही तसेच लागले तर पिशवी परत करा. कडू दाण्याची आमटी कितीही गूळ घातला तरी सुधारत नाही, आणि बुरशी आलेले दाणे आरोग्यालाही वाईट.

दाणे मंद आचेवर आतपर्यंत भाजा, सालं पाखडून काढा. एक वाटी दाणे, दोन हिरव्या मिरच्या, अर्धा चमचा जिरं मिक्सरला घालून आधी कोरडंच फिरवा, मग अर्धी वाटी पाणी घालून गंधासारखं बारीक वाटा. वाटण भरड राहिलं तर पाणी वर आणि चोथा खाली अशी आमटी होते. तुपात जिऱ्याची फोडणी करून वाटण त्यात घाला, चार वाट्या पाणी, तीन-चार आमसुलं, सुपारीएवढा गूळ, मीठ. उकळी येताना समोरून हलू नका, ही आमटी दुधासारखी उतू जाते. एकदा उकळली की बारीक आचेवर दहा मिनिटं ठेवा. वर तुपा-तेलाचा हलका तवंग दिसला आणि कच्चा वास गेला की झाली. ताटात वाढेपर्यंत ती आणखी दाट होते, म्हणून कढईत असताना थोडी पातळच बरी. पित्ताचा त्रास असेल तर मिरची एकच घ्या. जिरं मात्र कमी करू नका.

सोबत काकडीची कोशिंबीर करा. काकडी, दही, थोडं कूट. चावायला काहीतरी असलं की जेवण सावकाश होतं, आणि साबुदाण्याच्या दिवसांत पोट साफ होत नाही अशी जी तक्रार असते ती काकडीने आणि रताळ्याने बरीच कमी होते.

खिचडीला मी नावं ठेवत नाहीये. नवऱ्याचं काम अंगमेहनतीचं किंवा दिवसभर फिरतीचं असेल तर कूट आणि बटाटा घातलेली खिचडी त्याला बरीच ऊर्जा देते, माणशी साडेसहाशे कॅलरीपर्यंत. फक्त प्रमाण सांभाळा. वजनात साबुदाण्याच्या निम्मं कूट हवंच, म्हणजे 240 ग्रॅमला 120. पुष्कळ घरांत हे याच्याही निम्म्यावर आलेलं असतं, कारण दाणे महागले की सगळ्यात आधी कूट कमी होतं. पैसे वाचवायचेच असतील तर तूप कमी करा, कुटाला हात लावू नका.

भिजवताना साबुदाणा दोन-तीनदा धुवा, दुधाळ पाणी गेलं पाहिजे. मग दाण्यांच्या जेमतेम बरोबरीने पाणी ठेवून चार-पाच तास किंवा रात्रभर झाकून ठेवा. दाणा चिमटीत दाबल्यावर पूर्ण चिरडला आणि मधे टणक कण राहिला नाही की भिजला. टणक लागला तर पाण्याचा हबका मारून आणखी अर्धा तास थांबा. ओला झाला असेल तर कापडावर पसरा. कूट आणि मीठ परतण्याआधीच साबुदाण्याला चोळून ठेवा, म्हणजे कूट वरचं पाणी शोषून घेतं आणि दाणे सुटे राहतात. कढईत दाणे पारदर्शक दिसायला लागले की थांबा. त्यापुढे परतलं की खिचडी चिवट होते. घेताना मोती साबुदाणा घ्या. नायलॉन साबुदाणा तळून चिवड्याला चालतो, खिचडीला नाही.

खिचडी डब्यात देऊ नका. गार झाली की तिचा दगड होतो. डब्याला थालीपीठ बरं, आणि शिंगाड्याचं पीठ खरं कामाला येतं ते इथे.

शिंगाडा तळ्यात होतो. आपल्याकडे भंडारा-गोंदियाच्या तळ्यांत तो घेतात, मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेशातूनही येतो. फळं काढायची, टणक साल सोलायची, वाळवायची, दळायची, यात मजुरी फार, म्हणून पीठ महाग. निव्वळ शिंगाड्याच्या पिठाची थालीपिठं तिघांना पोटभर करायची तर अडीचशे ग्रॅम पीठ लागेल, म्हणजे 75 रुपये नुसत्या पिठाचे. आणि ती चांगलीही होत नाहीत. गव्हाची चिकाटी या पिठात नसते. गरम असताना ती तुटतात आणि गार झाली की कडक होतात. पण थोडं घातलं तर ते बाकीच्या पिठाला छान धरून ठेवतं.

एकादशीच्या रात्रीसाठी माझं प्रमाण असं. वरी शंभर ग्रॅम कोरडी भाजून त्याच दिवशी मिक्सरला दळा. त्यात शिंगाड्याचं पीठ 50 ग्रॅम, तीन मध्यम उकडलेले बटाटे, मूठभर कूट, वाटलेली मिरची-जिरं आणि मीठ घाला. बटाटे गरम असतानाच किसायचे आणि गरमच मळायचे, म्हणजे पाणी जवळजवळ लागत नाही आणि पीठ बांधलं जातं. ओल्या फडक्यावर थापा, मधे भोक पाडा, तव्यावर टाकून कडेने आणि भोकात तूप सोडा, झाकण ठेवा. सहा थालीपिठं होतात आणि तुपासकट 55 रुपयांच्या आसपास जातात. थापताना कडा फाटत असतील तर पाणी घालू नका, अजून अर्धा बटाटा घाला. राजगिऱ्याचं पीठ घरात असेल तर निम्म्या वरीऐवजी ते घ्या, त्यात प्रथिनं वरीच्या जवळपास दुप्पट असतात. थोडं महाग पडेल.

कढीला तर शिंगाड्याचं पीठ अगदी थोडं पुरतं. तीन वाट्या ताकाला दीड मोठा चमचा. गार ताकात गुठळ्या मोडून घ्या, मग गॅसवर ठेवा आणि पहिल्या उकळीपर्यंत ढवळत राहा, नाहीतर ताक फाटतं. जास्त उकळायची गरज नाही. आमटीचा कंटाळा आला की हीच कढी वरीवर घ्या. पण त्या दिवशी दाणे पोटात जात नाहीत हे लक्षात ठेवून कोशिंबिरीत कूट वाढवा.

गुरुवार तुम्ही रात्री सोडत असाल, तर रात्रीच्या फराळाचा प्रश्न महिन्यातून फक्त दोन एकादश्यांना येतो. त्या हिशोबाने तिघांची महिन्याची यादी अशी: वरी एक किलो, साबुदाणा अर्धा किलो, दाणे एक किलो, शिंगाड्याचं पीठ दोनशे ग्रॅम. सहा उपासांपैकी दोनदा खिचडी आणि चारदा वरी धरली आहे. बटाटे, रताळी, काकडी ऐनवेळी मंडईतून. रताळं उकडून गुळाबरोबर किंवा नुसतं मीठ-जिरं लावून दुपारी चारला खाल्लं तर वेफर्सची आठवण येत नाही, आणि माणशी एक मध्यम रताळं पुरतं.

आषाढी, श्रावण आणि नवरात्राच्या तोंडावर हे सगळे जिन्नस महागतात. दोन-तीन आठवडे आधी घ्या, मार्केट यार्डात जाणं होत असेल तर शेजारणीबरोबर वाटून घ्या. पण पावसाळ्यात चार महिन्यांचा साठा करू नका. पुण्याच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत शिंगाड्याच्या पिठाला महिनाभरात अळी आणि जाळं लागू शकतं. पीठ घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवा. डबा उघडल्यावर कुबट वास आला किंवा चिमूटभर जिभेवर कडवट लागलं तर चाळून वापरण्याच्या भानगडीत पडू नका, टाकून द्या.

वरीच्या बाबतीत हे जास्तच काटेकोरपणे पाळायचं. नवरात्र, महाशिवरात्र किंवा एकादशीच्या सुमाराला भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या येतात, त्या खऱ्या असतात. दमट जागी ठेवलेल्या भगरीवर बुरशी धरते आणि तिचं विष शिजवून जात नाही. अन्न व औषध प्रशासन लोकांना दरवेळी सांगतं ते असं: सुटी भगर किंवा भगरीचं सुटं पीठ घेऊ नका, पाकिटावर उत्पादकाचं नाव, बॅच क्रमांक आणि तारीख पाहा, आणि पीठ फार दिवस साठवू नका. दळल्यावर ओलावा पटकन धरला जातो आणि पिठात बुरशी दिसतही नाही, म्हणून मी वर थालीपिठाला वरी त्याच दिवशी दळा असं लिहिलं. अख्ख्या वरीतसुद्धा गठ्ठे, काळे-हिरवट दाणे किंवा ओलसर वास असेल तर ती वापरू नका. जेवल्यावर चक्कर, थरथर, उलट्या, मळमळ असं काही झालं तर घरी लिंबूपाणी पीत बसू नका, ताबडतोब डॉक्टर गाठा आणि पाकीट सोबत न्या. शिजलेली वरी सकाळची संध्याकाळी खाऊ नये हाही आमच्याकडचा नियम आहे. उरलीच तर लगेच फ्रीजमध्ये, आणि खाताना पाण्याचा हबका मारून चांगली वाफ काढायची.

सासूबाईंचं थोडं वेगळं. साबुदाणा आणि बटाटा हे दोन्ही साखर झपाट्याने वाढवतात, तेव्हा खिचडीच्या दिवशीही त्यांच्यासाठी वरी करा, भात दोन लहान वाट्या, आमटी आणि कोशिंबीर जास्त, आमटी त्यांच्यापुरती गुळाशिवाय. वरी खाल्ली म्हणजे साखर वाढतच नाही असं नाही, कमी वेगाने वाढते इतकंच. मोठा धोका उलट्या बाजूचाही आहे. गोळी नेहमीची घेतली आणि जेवण उशिरा किंवा कमी झालं, तर काही गोळ्यांमुळे साखर फार खाली जाते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर उपास बाजूला ठेवून लगेच साखर किंवा गूळ तोंडात घालायचा. कोणती गोळी उपासाच्या दिवशी किती आणि कधी घ्यायची हे त्यांच्या डॉक्टरांना या आठवड्यातच विचारून घ्या. हे मी किंवा शेजारणीने ठरवायचं नाही.

वेळा तुम्ही विचारल्या नाहीत, पण पित्ताचं अर्धं गणित तिथेच असतं. सकाळी चहा आणि थेट बारा-साडेबाराला जेवण असं होत असेल तर आधी ते बदला. आठ-नऊला एखादं केळं किंवा कपभर दूध, अकरा-साडेअकराला वरी-आमटी, चारला रताळं किंवा ताक. चहा दिवसाला दोन, आणि रिकाम्या पोटी एकही नको.

आणखी एक. महाशिवरात्रीला काही घरांत वरी चालत नाही. रीत घरोघरी वेगळी असते, सासूबाईंना विचारून घ्या. तुमच्याकडे चालत नसेल तर त्या दिवशी दुपारी निम्म्या वजनाचं कूट घातलेली खिचडी आणि वाटीभर दही घ्या, संध्याकाळी थालीपिठात वरीऐवजी पूर्ण राजगिरा घ्या आणि शिंगाड्याचं पीठ 50 ग्रॅमच ठेवा. राजगिऱ्याचं पीठ बटाट्याचं पाणी जरा जास्त ओढतं, म्हणून मळताना तीनऐवजी साडेतीन बटाटे लागतील.